एमएफआयचा डायव्हर्जन्स दिसला, की आधी खिडकीतून काय बाहेर पडलं ते बघा

प्रश्न: "मी चार्टवर आरएसआय आणि एमएफआय दोन्ही लावतो. एका शेअरने नवा उच्चांक केला, आरएसआय ठीक होता, पण एमएफआय मागच्या टॉपपेक्षा बराच खाली होता. बेअरिश डायव्हर्जन्स समजून विकून टाकला आणि शेअर पुढे निघून गेला. एमएफआय म्हणजे व्हॉल्यूम घातलेला आरएसआयच ना? मग डायव्हर्जन्ससाठी ऐकायचं कुणाचं?"

तुमच्या फसगतीचं कारण बहुधा त्या "व्हॉल्यूम घातलेला आरएसआय" या ओळखीतच आहे. वेल्स वाइल्डरने आरएसआय, म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स, 1978 साली मांडला. एमएफआय, म्हणजे मनी फ्लो इंडेक्स, आला 1989 मध्ये, जीन क्वाँग आणि अव्रम सुडॅक यांच्याकडून, आणि त्यांनीच त्याची ओळख व्हॉल्यूम-वेटेड आरएसआय अशी करून दिली. तेव्हापासून सगळे तेच म्हणतात. नातं आहे, नाही असं नाही. पण ते चुलतभावांचं आहे, जुळ्यांचं नाही. घराणं एक, चेहरेपट्टी थोडी सारखी, हिशेब ठेवायची पद्धत मात्र वेगळी. डायव्हर्जन्समध्ये माणूस फसतो तो या हिशेबाच्या फरकामुळेच.

आरएसआय काय मोजतो ते तुम्हाला माहीत आहे. आज बंद भाव कालच्यापेक्षा आठ रुपये वर असेल तर आठ रुपये फायद्याच्या खात्यात, उद्या तीन रुपये खाली गेला तर तीन रुपये तोट्याच्या खात्यात. म्हणजे भाव किती हलला याला किंमत आहे. एमएफआय तसं करत नाही. तो दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी काढतो, जिला चार्टवर टिपिकल प्राइस किंवा `hlc3` म्हणतात. मग तिला दिवसाच्या व्हॉल्यूमने गुणतो. आलेला आकडा म्हणजे ढोबळमानाने त्या दिवसाची रुपयांतली उलाढाल. टिपिकल प्राइस कालच्यापेक्षा वर असेल तर ही सगळी उलाढाल पॉझिटिव्हच्या खात्यात, खाली असेल तर सगळी निगेटिव्हच्या. तंतोतंत सारखी असेल तर तो दिवस कुठेच धरला जात नाही. चौदा दिवसांची पॉझिटिव्ह बेरीज भागिले दोन्ही खात्यांची बेरीज, गुणिले शंभर, की झाला एमएफआय.

आता यात काय हरवलं ते लक्षात घ्या. भाव किती हलला हे एमएफआयने टाकूनच दिलं. त्याला फक्त दिशा हवी, वर की खाली. टिपिकल प्राइस पाच पैशांनी वर असो की पंचवीस रुपयांनी, उलाढाल पूर्णच्या पूर्ण एका खात्यात जाते. त्यामुळे "आरएसआयमध्ये व्हॉल्यूम मिसळला" हे वर्णन बरोबर बसत नाही. भावाच्या हालचालीच्या जागी उलाढाल आणून बसवली, असं म्हणा.

एक उदाहरण हाताने करून बघा. काल उच्चांक 512, नीचांक 500, बंद 504. टिपिकल प्राइस 505.33. आज उच्चांक 508, नीचांक 496, बंद 507. टिपिकल प्राइस 503.67. बंद भाव तीन रुपये वर आहे, चार्टवर हिरवी कँडल आहे, आरएसआयने तीन रुपये फायद्यात लिहिले. आणि एमएफआयने? आजची सगळी उलाढाल, समजा 90 कोटी, निगेटिव्हमध्ये टाकली. दिवसभर भाव कालच्या पातळीच्या खाली रेंगाळला आणि शेवटी सावरला, असं त्याचं म्हणणं. ते म्हणणं चुकीचं नाही. पण दोघं एकाच दिवसाबद्दल उलट बोलतात, आणि चार्टवर नुसत्या दोन रेघा बघणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो.

यातून एक ठोकताळा मिळतो, मला तो फार उपयोगी पडतो. चौदा दिवसांच्या खिडकीत सरासरी उलाढालीच्या एका दिवसाचं वजन शंभर भागिले चौदा, म्हणजे सात अंकांच्या आसपास. एखादा काठावरचा दिवस काही पैशांच्या फरकाने या खात्यातून त्या खात्यात गेला, तर एमएफआय सात-आठ अंकांनी सरकतो. म्हणून दोन टॉपमध्ये एमएफआयचा फरक दहा अंकांहून कमी असेल तर मी त्याला डायव्हर्जन्स म्हणतच नाही. रेघ खाली उतरलेली दिसते हे खरं, पण तो उतार एका काठावरच्या दिवसाचा असू शकतो.

हे झालं तुलनेने किरकोळ. खरा घोटाळा पुढे आहे.

आरएसआयची सरासरी वाइल्डरच्या पद्धतीची असते. कालच्या सरासरीचे तेरा भाग आणि आजचा एक भाग. त्यामुळे एखादा मोठा दिवस आरएसआयमधून एकदम जात नाही, हळूहळू विरतो. चौदा दिवसांनंतरही त्याचा साधारण पस्तीस टक्के ठसा शिल्लक असतो. एमएफआयमध्ये मात्र साधी बेरीज आहे. चौदा दिवस तो दिवस पूर्ण वजनाने आत, आणि पंधराव्या दिवशी पूर्ण बाहेर. बाहेर पडणाऱ्या दिवसाची उलाढाल रोजच्या सहापट असेल, तर तो जाताना एमएफआयला जोराचा हिसका देऊन जातो. त्या दिवशी बाजारात काहीही घडलेलं नसतं. ना कुणी विकलेलं, ना कुणी हात आखडता घेतलेला.

आकड्यांत बघू. समजा एका शेअरची रोजची उलाढाल 50 कोटी आहे. तिमाही रिझल्ट चांगला लागला, त्या दिवशी भाव वर आणि उलाढाल 300 कोटी. पुढे पाच सत्रांनी 612 ला टॉप झाला. त्या टॉपच्या खिडकीत रिझल्टचा दिवस धरून नऊ दिवस वर, पाच दिवस खाली. पॉझिटिव्ह 300 अधिक आठ वेळा 50, म्हणजे 700. निगेटिव्ह पाच वेळा 50, म्हणजे 250. एमएफआय झाला 73.7.

तिथून बारा सत्रांनी शेअर 634 ला गेला. नवा उच्चांक. या खिडकीतही नऊ दिवस वर, पाच दिवस खाली, उलाढाल रोज तेवढीच 50 कोटी. पॉझिटिव्ह 450, निगेटिव्ह 250, एमएफआय 64.3. भाव बावीस रुपयांनी वर, एमएफआय नऊ अंकांहून जास्त खाली. चार्टवर दोन रेघा ओढल्या की नमुनेदार बेअरिश डायव्हर्जन्स. पण दोन्ही खिडक्यांमध्ये फरक एकच: रिझल्टचा दिवस पहिल्या टॉपच्या वेळी आत होता, दुसऱ्याच्या वेळी बाहेर. तो दिवस साधा 50 कोटींचा धरला असता तर दोन्ही टॉपला एमएफआय 64.3 च आला असता. आणि इथे मी सहापटच धरली आहे. रिझल्टला दहापट व्हॉल्यूम झालेला मिडकॅप तुम्हीही पाहिला असेल, तिथे हा फरक चौदा अंकांच्या घरात जातो, म्हणजे माझी दहा अंकांची चाळणीही त्याला अडवत नाही.

हे ओळखायची एक पक्की खूण आहे आणि ती अनुभवाची नाही, सरळ गणिताची आहे. आज टिपिकल प्राइस कालच्यापेक्षा वर असेल तर आजची उलाढाल पॉझिटिव्हमध्येच मिळाली. तरीही आज एमएफआय खाली आला, तर कारण एकच असू शकतं: चौदा दिवसांपूर्वीचा, आजच्यापेक्षा मोठ्या उलाढालीचा, वर गेलेला दिवस खिडकीतून बाहेर पडला. दुसरं कारण असूच शकत नाही. वरच्या उदाहरणात रिझल्टचा दिवस ज्या दिवशी बाहेर पडतो, त्या दिवशीही भाव वर गेला असं धरा. तरी एमएफआय एका फटक्यात 73.7 वरून 64.3 वर येतो. म्हणून एमएफआय उतरलेला दिसला की माझा पहिला प्रश्न "किती उतरला" हा नसतो, "कोणत्या दिवशी उतरला" हा असतो. भाव वर असलेल्या दिवशी रेघेला कडा पडलेला दिसला, की कर्सर मागे नेऊन चौदा कँडल मोजायच्या. तिथे व्हॉल्यूमचा मनोरा उभा असतोच.

मी हे शिकलो ते पुस्तकातून नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका औषध कंपनीचा शेअर अशाच डायव्हर्जन्सवर फ्युचर्समध्ये शॉर्ट केला होता. दोन टॉप, सुंदर उतरती रेघ, मी तर त्या चार्टची प्रिंट काढून ठेवली होती. तीन दिवसांत स्टॉपलॉस उडाला. चिडून पुन्हा शॉर्ट केला, तोही उडाला. पुढच्या रविवारी वहीत हाताने चौदा दिवसांची उलाढाल मांडली, तेव्हा दिसलं की रेघ उतरली ती रिझल्टचा दिवस गळून पडल्यामुळे. पंधरवड्यापूर्वीच्या गर्दीची फक्त आठवण पुसली गेली होती आणि मी तिला विक्री समजलो होतो. ती प्रिंट अजून आहे माझ्याकडे, सुंदर रेघेसकट.

रिझल्ट हे नेहमीचं कारण. पण निर्देशांकातल्या फेरबदलाचा दिवसही असाच. निफ्टीच्या निर्देशांकांची फेररचना वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस अमलात येते. शेअर आत येणार असेल तर इंडेक्स फंडांना तो घ्यावाच लागतो, आणि ती खरेदी बहुतेक शेवटच्या दिवसाच्या अखेरच्या वेळात कोंबली जाते. एखाद्या मोठ्या भागधारकाने खुल्या बाजारात मोठा हिस्सा विकला, म्हणजे बल्क डील झालं, तरी तेच. त्या उलाढालीचा बाजाराच्या मताशी संबंध थोडाच असतो, एमएफआय मात्र तिला चौदा दिवस डोक्यावर घेऊन नाचतो.

बोनस आणि स्प्लिटची गंमत वेगळी. रिलायन्सने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये एकास एक बोनस दिला, भाव निम्मा झाला आणि शेअर दुप्पट. चांगला डेटा देणारे मागचा भाव निम्मा करतात आणि मागचा व्हॉल्यूम दुप्पट, त्यामुळे गुणाकार तसाच राहतो. पण काही ठिकाणी भाव समायोजित असतो आणि व्हॉल्यूम जुनाच. मग बोनसच्या आधीच्या प्रत्येक दिवसाची उलाढाल निम्मी दिसते आणि पुढचे चौदा दिवस एमएफआयमध्ये नव्या दिवसांना दुप्पट वजन मिळतं. दोन्ही जुनंच असेल तर त्याहून वाईट: एक्स-बोनसच्या दिवशी भाव निम्म्यावर "कोसळला" म्हणून अख्खी उलाढाल निगेटिव्हमध्ये. अशा तारखेच्या आजूबाजूला एमएफआय वाचण्यापूर्वी, बोनसच्या आधीच्या एखाद्या दिवसाचा व्हॉल्यूम एक्स्चेंजच्या भावपत्रकाशी ताडून बघा. एकच दिवस ताडला तरी पुरतं.

आता एमएफआयच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्याच्या मागेच लागलोय. दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग तासाभराचं असतं, पण चार्टवर त्याची पूर्ण दिवसाची कँडल पडते. आरएसआय तिला बाकीच्या दिवसांइतकाच मान देतो. एमएफआयमध्ये उलाढालच किरकोळ असल्याने तो दिवस आपोआप नगण्य होतो. चुलतभावाचा हिशेब जिथे सरस ठरतो ती ही जागा: पातळ बाजारात भाव कितीही उड्या मारो, एमएफआय त्यांना भुलत नाही.

मग खरा डायव्हर्जन्स कसा दिसतो? दुसरा शेअर घेऊ. पहिला टॉप 520. तिथल्या चौदा दिवसांत नऊ दिवस वर, सरासरी उलाढाल 60 कोटी. पाच दिवस खाली, सरासरी 40 कोटी. पॉझिटिव्ह 540, निगेटिव्ह 200, एमएफआय 73. मग पाच दिवसांत शेअर 498 पर्यंत उतरला आणि पुढच्या चौदा दिवसांत 535 वर गेला. या दुसऱ्या खिडकीत आठ दिवस वर, सरासरी 45 कोटी. सहा दिवस खाली, सरासरी 65 कोटी. पॉझिटिव्ह 360, निगेटिव्ह 390. एमएफआय 48.

आता त्याच खिडक्यांत भाव किती हलला ते बघा. पहिल्या खिडकीत वरच्या दिवशी सरासरी सात रुपये वाढ, खालच्या दिवशी पाच रुपये घट. दुसरीत आठ रुपये वाढ, साडेचार रुपये घट. सोयीसाठी साधी सरासरी धरली तर आरएसआय पहिल्या टॉपला 71.6 आणि दुसऱ्याला 70.3. म्हणजे आरएसआयला काहीच खटकलेलं नाही, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. भाव पूर्वीसारखाच झोकात चढतोय. बदललंय ते एवढंच की चढतो तो कमी उलाढालीवर आणि उतरतो तो मोठ्या उलाढालीवर. वरच्या दिवशी घेणाऱ्यांची गर्दी आटली आहे, आणि खालच्या दिवशी भाव फारसा न पाडता कुणीतरी माल काढतंय, अशी शंका घ्यायला जागा आहे.

शंकाच म्हणतो, कारण प्रत्येक सौद्याला जितका घेणारा तितकाच विकणारा असतो. "पैसा आत आला", "पैसा बाहेर गेला" ही बोलायची भाषा झाली. एमएफआयला कोण घेतोय हे दिसत नाही. तो दिवसाच्या दिशेवरून सगळी उलाढाल एका बाजूला लिहून टाकतो, आणि त्या उलाढालीत सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचाही मोठा वाटा असतो. म्हणून रोखीतल्या शेअरसाठी मी एक्स्चेंज रोज जाहीर करतं ते डिलिव्हरीचं प्रमाणही शेजारी ठेवतो. खाली गेलेल्या, मोठ्या उलाढालीच्या दिवशी डिलिव्हरीही नेहमीपेक्षा जास्त असेल तर माल खरोखर हात बदलतोय. नेहमीपेक्षा कमी असेल तर ती बरीचशी दिवसभराची झटापट होती, आणि माझा डायव्हर्जन्सवरचा विश्वास तितका कमी.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवा. दुसऱ्यात एकूण उलाढाल 740 कोटींवरून 750 कोटी झाली, म्हणजे जवळपास तेवढीच. बदलली ती फक्त वाटणी. पहिल्यात एकूण उलाढाल 950 वरून 700 वर आली, आणि निगेटिव्ह खातं होतं तिथेच, 250 वर राहिलं. माझ्या मते हीच सगळ्यात चांगली परीक्षा आहे. एमएफआयची एक रेघ बघू नका, त्याच्या पोटातल्या दोन बेरजा वेगवेगळ्या बघा. दुसऱ्या टॉपला निगेटिव्ह बेरीज वाढलेली असेल तर विकणाऱ्यांची बाजू खरोखर जड झाली आहे. निगेटिव्ह जागच्या जागी आणि फक्त पॉझिटिव्ह घटलेली असेल, तर आधी बाहेर पडलेला दिवस शोधा. तसा मनोरा सापडला नाही आणि पॉझिटिव्ह दिवसागणिक झिजत गेली असेल, तर तो उत्साह आटल्याचा पुरावा आहे. कामाचा आहे, पण कच्चा. उत्साह आटलेले शेअर आठवडेच्या आठवडे तसेच वर सरकत राहिलेले मी पाहिलेत.

बहुतेक चार्टवर या बेरजा दिसत नाहीत, त्या स्वतः काढाव्या लागतात. एक्सेलमध्ये चार कॉलमचं काम आहे. पायथन येत असेल तर एवढंच पुरे:

```python
tp  = (df.High + df.Low + df.Close) / 3
cap = 2 * df.Volume.rolling(50).median()
vol = df.Volume.clip(upper=cap)
mf  = tp * vol
d   = tp.diff()
pos = mf.where(d > 0, 0).rolling(14).sum()
neg = mf.where(d < 0, 0).rolling(14).sum()
mfi = 100 * pos / (pos + neg)
```

यात `cap` ची ओळ माझी आहे, मूळ सूत्रात ती नाही. पन्नास दिवसांच्या मध्यकाच्या दुप्पट, त्याहून जास्त व्हॉल्यूम मी मोजत नाही. पहिल्या उदाहरणात हे लावलं की रिझल्टचा दिवस 300 ऐवजी 100 कोटींचा धरला जातो, पहिल्या टॉपचा एमएफआय 66.7 होतो आणि दुसऱ्याचा 64.3. डायव्हर्जन्स गेला. दुसऱ्या उदाहरणात असा कोणताच दिवस नाही, त्यामुळे 73 आणि 48 तसेच राहतात. मूळ एमएफआय आणि हा छाटलेला एमएफआय दोन्ही काढा. डायव्हर्जन्स दोन्हींत दिसला तरच पुढे जा. छाटण्याची किंमतही आहेच: मोठ्या व्हॉल्यूमच्या दिवशी खरोखरच मोठी विक्री झाली असेल तर तीही बोथट होते. म्हणून छाटलेली रेघ एकटी वापरू नका.

टॉप निवडताना एक शिस्त पाळा. टॉप भावाचे निवडा आणि मग त्या-त्या दिवशीचा एमएफआय वाचा. लोक उलटं करतात, एमएफआयचे शेंडे निवडतात आणि त्यांच्या आसपास सोयीचा भाव शोधतात. मी दोन्ही बाजूंना निदान चार कँडल खाली असलेलाच टॉप धरतो. याचा अर्थ दुसरा टॉप मला चार दिवस उशिरा कळतो. हा उशीर मान्य करावा लागतो, तो टाळण्याच्या नादातच मधल्या प्रत्येक हिरव्या कँडलवर डायव्हर्जन्स दिसायला लागतो. दोन टॉपमधलं अंतर निदान चौदा सत्रांचं असेल तर उत्तम, कारण मग दोन खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत आणि आपण दोन वेगळ्या काळांची तुलना करतो. दुसऱ्या उदाहरणात ते अंतर एकोणीस सत्रांचं आहे. पहिल्या टॉपचा एमएफआय 80 च्या वर आणि दुसऱ्याचा त्याखाली असेल तर मला तो डायव्हर्जन्स जास्त आवडतो, पण ती अट नाही.

आणि एवढं सगळं जुळलं तरी डायव्हर्जन्स म्हणजे विक्रीचा आदेश नाही. वर जाणाऱ्या शेअरमध्ये एकामागोमाग तीन डायव्हर्जन्स येतात आणि पहिले दोन फुकट जातात, हे नेहमीचं आहे. भावाने होकार द्यावा लागतो. 535 च्या टॉपआधी, चढताना शेवटचा छोटा तळ 521 ला झाला असेल, तर 521 च्या खाली बंद भाव येईपर्यंत मी हात लावत नाही. हातात शेअर असेल तर तेव्हा अर्धे काढतो आणि उरलेल्यांचा स्टॉपलॉस 498 च्या खाली ठेवतो. शॉर्ट करणाऱ्याचा स्टॉपलॉस 535 च्या वर. भावाने 535 ओलांडला आणि एमएफआयही 73 च्या वर गेला, तर डायव्हर्जन्स रद्द, त्याच्याबद्दल मनात काही ठेवायचं नाही. भाव नव्या उच्चांकावर आणि एमएफआय अजून खालीच असेल तर शंका कायम, पण तेवढ्यावर पोझिशन वाढवायची नाही.

तळाकडचा डायव्हर्जन्स मला टॉपपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. भीतीची विक्री एकदम होते, त्यामुळे पहिल्या तळाला निगेटिव्ह उलाढाल प्रचंड असते. दुसऱ्या, त्याहून खालच्या तळाला विकणारेच उरलेले नसतात, भाव थोड्या उलाढालीवर खाली येतो आणि एमएफआय आधीच्यापेक्षा वर राहतो. पण इथेही तोच सापळा उलट्या तोंडाने बसलेला आहे. घबराटीचा दिवस पंधराव्या दिवशी बाहेर पडला की एमएफआय आपोआप उसळतो, आणि "शहाणा पैसा आत येतोय" असं वाटायला लागतं. परीक्षा तीच: पॉझिटिव्ह बेरीज वाढली का, की नुसती निगेटिव्ह घटली? आणि सगळेच तळ हा मान देत नाहीत. 24 मार्च 2020 ला निफ्टी 7511 पर्यंत गेला आणि तिथून वळला तो पुन्हा तिथे आलाच नाही. दुसरा तळच नाही, तर तुलना कशाची करणार? डायव्हर्जन्सची वाट बघणारे त्या वेळी वाटच बघत राहिले.

निफ्टीचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो, निर्देशांकावर एमएफआय लावू नका. निर्देशांकाचे स्वतःचे सौदे होत नाहीत. चार्टवर दिसतो तो त्यातल्या शेअर्सच्या व्हॉल्यूमचा एकत्र आकडा, आणि शेअरसंख्येची बेरीज केली की स्वस्त शेअरचा एक आणि महाग शेअरचा एक सारखाच मोजला जातो. निफ्टी फ्युचर्सवर लावता येतो, पण चालू महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सुरुवातीला व्हॉल्यूम पातळ आणि रोलओव्हरला उसळलेला असतो, म्हणजे पुन्हा बाहेर पडणाऱ्या मनोऱ्यांचा प्रश्न. रोज अप्पर सर्किटला लागणाऱ्या छोट्या शेअरवर तर अजिबातच नको. सर्किटला कुलूप लागलं की उलाढाल जवळपास शून्य, मग चौदा दिवसांचा एमएफआय खरं तर दोन-तीन दिवसांवर उभा असतो.

कुणाचं ऐकायचं, तर दोघांचंही, पण वेगवेगळ्या प्रश्नांसाठी. चढण्याचा जोर कमी झाला का, हे आरएसआय सांगतो. चढताना उलाढाल कुठल्या बाजूला पडतेय, हे एमएफआय. आरएसआयमध्ये डायव्हर्जन्स नाही आणि एमएफआयमध्ये आहे, ही तुमची स्थिती खोट्या आणि खऱ्या, दोन्ही डायव्हर्जन्समध्ये येऊ शकते. त्यामुळे आरएसआयला साक्षीला बोलावून तुमचा निवाडा झाला नसता.

तुमचा तो शेअर पुन्हा उघडा. एमएफआय सगळ्यात जास्त ज्या दिवशी उतरला ती कँडल शोधा आणि त्या दिवशी `hlc3` आदल्या दिवसापेक्षा वर होता की खाली, ते बघा. वर असेल तर मागे चौदा कँडल मोजा आणि तिथल्या तारखेला काय झालं होतं ते इथे कळवा. माझा अंदाज, रिझल्ट.